मदत हवी आहे: मंजुरीच्या लॉगवरून बिले नेमकी कुठे अडकतात हे कसे मोजावे?

तपासनीस

आमच्याकडे पुरवठादारांची बिले एका मंजुरी प्रणालीतून जातात. बिल दाखल झाले की लेखा विभाग त्यावर खातेशीर्ष लावतो, मग संबंधित व्यवस्थापक मंजुरी देतो, त्यानंतर वित्त विभागाची मंजुरी होते आणि शेवटी पोस्टिंग होते. प्रत्येक क्रिया झाल्यावर लॉगमध्ये एक ओळ पडते. त्या ओळीत बिलाचा क्रमांक, क्रियेचे नाव आणि वेळ एवढेच असते. काम हाती कधी घेतले याची नोंद कुठेच नाही.

व्यवस्थापकाच्या टप्प्याला लागलेला वेळ काढताना मी बिलावर पहिल्यांदा खातेशीर्ष लागल्यापासून व्यवस्थापकाची मंजुरी मिळेपर्यंतचे अंतर धरले आणि सर्व बिलांची सरासरी काढली. या हिशोबाने सर्वाधिक विलंब व्यवस्थापकांकडे दिसतो. व्यवस्थापकांचे म्हणणे मात्र असे आहे की, बिल समोर आल्यावर ते साधारण एका दिवसात निकाली काढतात. ते चुकीचे सांगत असावेत असे मला वाटत नाही. नमुन्यादाखल एका बिलाच्या ओळी देत आहे. २ तारखेला सोमवार होता.

```
02 10:00  RECEIVED
02 15:00  CODED
03 11:00  SENT_BACK
09 11:00  CODED
09 16:00  MANAGER_APPROVED
12 16:00  FINANCE_APPROVED
12 17:00  POSTED
```

माझ्या पद्धतीने या बिलाचे व्यवस्थापकाकडील १६९ तास येतात. हा आकडा अहवालात देण्यायोग्य आहे का?

कार्यदिवस

यात शनिवार-रविवार धरले गेले आहेत, हेच मूळ कारण दिसते. ७ आणि ८ तारखेचे ४८ तास वजा केल्यास १२१ उरतात. सुट्ट्यांचा तक्ता जोडून केवळ कामाचे तास मोजावेत आणि अजून निकाली न निघालेली बिले सरळ वगळावीत, म्हणजे आकडे स्वच्छ होतील.

जुना लेखापाल

सुट्ट्या वजा करणे योग्यच आहे, परंतु त्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण १२१ तासही व्यवस्थापकाचे नाहीत. वरच्या ओळी क्रमाने वाचाव्यात. २ तारखेला दुपारी ३ वाजता बिल व्यवस्थापकाकडे गेले आणि ३ तारखेला सकाळी ११ वाजता त्यांनी ते परत पाठवले. हे २० तास झाले. तेथून ९ तारखेच्या सकाळी ११ वाजेपर्यंतचे १४४ तास बिल पुन्हा लेखा विभागाकडे होते. त्यानंतर व्यवस्थापकाने ५ तासांत मंजुरी दिली. म्हणजे व्यवस्थापकाकडे एकूण २५ तास गेले आणि परत आलेल्या बिलाचे १४४ तास त्यांच्या माथी मारले गेले.

लॉगमधील ओळ एखादे काम संपल्याचे सांगत असली, तरी त्याच क्षणी बिल पुढच्या कुणाच्या तरी हाती जाते. म्हणून प्रत्येक ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचा वेळ त्या दरम्यान बिल ज्याच्याकडे होते त्याच्या नावे टाकावा. `RECEIVED` आणि `SENT_BACK` नंतरचा वेळ लेखा विभागाचा, `CODED` नंतरचा व्यवस्थापकाचा, `MANAGER_APPROVED` नंतरचा वित्त विभागाचा आणि `FINANCE_APPROVED` नंतरचा पोस्टिंगचा.

```sql
SELECT invoice_id, event, event_time,
       LEAD(event_time) OVER (
         PARTITION BY invoice_id
         ORDER BY event_time, log_id
       ) AS next_time
FROM approval_log;
```

`log_id` म्हणजे ओळीचा चढता अनुक्रमांक. दोन ओळी एकाच सेकंदाला पडल्या, तर केवळ वेळेवरून त्यांचा क्रम ठरत नाही आणि तास भलत्याच्या खात्यात जातात. `SENT_BACK` व्यवस्थापकाने केले की वित्त विभागाने, याने या विभागणीत फरक पडत नाही. मात्र दोन्ही वेळा बिल लेखा विभागाकडेच येते, याची खात्री करून घ्यावी.

आपल्या बिलाचा हिशोब असा होतो: लेखा विभाग ५ आणि १४४ मिळून १४९ तास, व्यवस्थापक २५, वित्त विभाग ७२, पोस्टिंग १. बेरीज २४७ येते आणि २ तारखेच्या सकाळी १० पासून १२ तारखेच्या सायंकाळी ५ पर्यंतचे अंतरही तेवढेच आहे. ही पडताळणी प्रत्येक बिलासाठी करावी. बेरीज जुळली नाही तर एखादी क्रिया कोणत्याच टप्प्याला जोडायची राहिलेली असते.

पुरवठादार

आमचा अनुभव सांगतो. आमचे बिल मंजूर झाल्याचे कळते, तरी पैसे पुढच्या कितीतरी दिवसांत येत नाहीत. आपण पोस्टिंगपाशी मोजणी थांबवत असाल, तर खरा उशीर आपल्या अहवालात येणारच नाही.

जुना लेखापाल

आपली तक्रार रास्त आहे, पण ते निराळे मोजमाप आहे. मंजुरीनंतरचा वेळ बहुधा देय तारीख आणि रक्कम वितरणाचा ठरलेला दिवस यांवर अवलंबून असतो. ते दिवस यात मिसळले तर मंजुरीच्या साखळीत बिल कुठे थांबले हे दिसेनासे होईल. हवे असल्यास त्याचा वेगळा स्तंभ ठेवावा.

कार्यदिवस यांच्या दुसऱ्या सूचनेविषयीही बोलायला हवे. निकाली न निघालेली बिले वगळू नयेत. नेमकी तीच बहुतेक वेळा दीर्घकाळ रखडलेली असतात, त्यामुळे ज्या टप्प्यावर ती साचली आहेत तो टप्पा वेगवान असल्याचा भास होतो. अशा बिलांच्या शेवटच्या ओळीत `next_time` रिकामा असतो. तेथे लॉग उतरवून घेतल्याची वेळ घालावी आणि तो आकडा "किमान इतका" म्हणून वेगळा दाखवावा. नमुना निवडतानाही बिले दाखल झाल्याच्या महिन्यानुसार घ्यावीत, निकाली निघाल्याच्या महिन्यानुसार नव्हे.

सरासरीवरही विसंबू नये, कारण मोजकी रखडलेली बिले तिला खेचतात. आधी प्रत्येक टप्प्याचे एकूण तास पाहावेत, म्हणजे प्रतीक्षेचा साठा कुठे आहे ते कळते. मग बिलागणिक मध्यक आणि ९० वा शतमानक काढावा. मध्यक कमी आणि ९० वा शतमानक फार मोठा असेल, तर नेहमीचे काम सुरळीत आहे आणि ठरावीक प्रकारची बिलेच अडकत आहेत.

कार्यदिवस

खुल्या बिलांबाबतचे म्हणणे पटले. सुट्ट्यांचा आग्रह मात्र मी सोडणार नाही. या बिलात ३ ते ९ तारखेच्या १४४ तासांतून ४८ गेले की ९६ उरतात. वित्त विभागाचे ७२ मात्र सोमवार ते गुरुवार असल्याने तसेच राहतात. येथे क्रम बदलला नाही, पण दोघांतील अंतर बरेच घटले. इतर बिलांत क्रमही बदलू शकतो.

जुना लेखापाल

मान्य आहे. दोन्ही हिशोब शेजारी ठेवावेत. पुरवठादाराला दिनदर्शिकेतील दिवस जाणवतात आणि विभागाला कामाचे तास.

तपासनीस

सर्वांचे आभार. नव्या विभागणीने सर्व बिलांचे तास पुन्हा मांडले. व्यवस्थापकांकडील वेळ बराच उतरला आणि सर्वांत मोठा साठा `SENT_BACK` नंतरच्या तासांचा निघाला. लेखा विभागाकडील मध्यक लहान आहे, पण ९० वा शतमानक त्याच्या कितीतरी पट आहे. परत आलेल्या बिलांपैकी बऱ्याच बिलांच्या शेऱ्यात परचेस ऑर्डरचा क्रमांक नसल्याचे लिहिले आहे.

आता एक अडचण उरते. लेखा विभाग म्हणतो की, त्या काळात ते पुरवठादाराच्या उत्तराची वाट पाहत होते. लॉगवरून बिल त्यांच्या टेबलावर पडून होते की खरोखर बाहेर उत्तरासाठी गेले होते, हे वेगळे करता येत नाही. शिवाय काही व्यवस्थापक बिल परत न पाठवता ईमेलवरच शंका विचारतात, तो वेळ त्यांच्याच नावे राहतो.

जुना लेखापाल

जुन्या लॉगमधून हे निघणार नाही. पाठवलेल्या ईमेलची वेळ बिलाच्या क्रमांकाशी जुळवता आली, तर थोड्या बिलांवर अंदाज बांधता येईल. पुढील काळासाठी प्रणालीत "पुरवठादाराकडे" अशी स्वतंत्र स्थिती घालून घ्यावी, आणि त्या स्थितीत गेल्याची व तेथून परतल्याची, अशा दोन्ही ओळी पडतील असे पाहावे.

कार्यदिवस

ती स्थिती हाताने लावायची असेल, तर आपले तास कमी दिसावेत म्हणून लोक ती लगेच लावून ठेवतील. प्रत्यक्ष ईमेल गेल्याशिवाय ती लागणारच नाही, अशी सोय कुणी केली आहे का?