फोटोवरून नाव शोधून ग्रुपवर टाकलं, चूक कुठे झाली?

निखिल, डोंबिवली
सकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात झालेल्या भांडणाची क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर आली. शिव्या देणारी बाई कोण, असं एकाने विचारलं. चेहऱ्यावरून शोधणाऱ्या एका साइटवर स्क्रीनशॉट टाकला, तर तिच्या ऑफिसच्या कार्यक्रमाचा फोटो सापडला. खाली पूर्ण नाव होतं, ते मी ग्रुपवर दिलं. बायको तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. क्लिप सगळ्यांनी पाहिलेली, नाव ऑफिसनेच छापलेलं. मी फक्त दोन्ही जोडले. यात चूक नक्की कुठे आहे?

महेश
काहीही चूक नाही. चारचौघांत शिव्या देताना लाज वाटली नाही, मग नाव आलं तर का वाटावी? आणि कायद्याचं म्हणाल तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा घरगुती, वैयक्तिक वापराला लागूच होत नाही. माणसाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीलाही नाही. वाचून सांगतोय.

अ‍ॅड. शुभांगी
महेश, त्या कायद्याबद्दल तुम्ही सांगताय ते बरोबर आहे. फक्त इथे नाव ऑफिसने छापलंय, तिने नाही. पण निखिलचा प्रश्न त्या कायद्यापुरता नाही. ‘जोडले’ म्हणजे काय होतं ते एका प्रकरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ढोल पथकातली एकोणीस वर्षांची मुलगी. विसर्जन मिरवणुकीतली तिची क्लिप फिरली. चार दिवस खाली फक्त ‘कोण आहे ही’ एवढंच चाललं होतं. त्रासदायक, पण तिच्यापर्यंत पोचणारं काही नव्हतं. पाचव्या दिवशी कुणीतरी पूर्ण नाव लिहिलं, त्यात वाईट हेतूही नसावा. त्या रात्री तिच्या खात्यावर अनोळखी मेसेजची रांग लागली. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या दुकानातला फोन वाजायला लागला.

दुकान कसं सापडलं? आपल्याकडे नावातच बापाचं नाव असतं. आडनावावरून गाव आणि जातही लोक ताडतात. वडिलांचं नाव आणि आडनाव कळलं की दुकानाची पाटी, मतदार यादी, सगळं एका ओळीत येतं. मतदार यादीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि घर क्रमांक शेजारी शेजारी छापलेले असतात. ती यादी निवडणुकीसाठी आहे आणि ती उघडी असण्यात गैर काही नाही. पण चेहऱ्यावरून यादीपर्यंत पोचता येत नाही, नावावरून येतं. दहाव्या दिवशी एक मुलगा इमारतीच्या खाली उभा राहायला लागला. आधी तो तिच्या सरावाच्या मैदानावर येऊन गेला होता. तिने पथक सोडलं.

निखिल, तुमच्या क्लिपमध्ये तर आणखी एक गोष्ट आहे. लोकलने जाणारी बाई बहुधा रोज तीच गाडी, तोच डबा पकडते. कुठे आणि किती वाजता, हे क्लिपने आधीच सांगितलं होतं. कोण, तेवढं बाकी होतं.

रवींद्र (निवृत्त, सातारा)
ताई, मला विषय नीट कळला की नाही माहीत नाही. मुलीच्या लग्नाचा बायोडेटा मी सहा-सात ग्रुपवर दिलाय. फोटो, जन्मतारीख, मामाचं नाव, घरचा पत्ता, तिचा नंबर, सगळं आहे. दोन महिन्यांपासून तिला रात्री-अपरात्री मेसेज येतात, म्हणून विचारतो. हे त्यामुळेच का?

अ‍ॅड. शुभांगी
काका, बहुधा त्यामुळेच. नवा बायोडेटा करा. पत्त्याऐवजी फक्त शहर आणि तिच्याऐवजी तुमचा नंबर द्या. जन्मतारीख समोरची माणसं भेटल्यावर सांगता येते. तिच्या सोशल मीडियावरचा फोटो बायोडेटात वापरू नका. साधा इमेज सर्च बहुतेक वेळा तोच फोटो कुठे कुठे आहे हे शोधतो, आणि एकच फोटो दोन ठिकाणी असला की तिथली माहिती आपोआप जुळते. जुने बायोडेटे मात्र परत येणार नाहीत. मेसेजचे स्क्रीनशॉट नंबर आणि वेळ दिसेल असे ठेवा, डिलीट करू नका.

तन्वी
माझा अनुभव उलटा आहे. बसमध्ये एकाने अंगाला हात लावला. मी त्याचा फोटो काढला, टाकला, लोकांनी नाव शोधून दिलं. त्याच्या घरी कळलं. तक्रार लिहून घेताना माझाच वेळ आणि माझेच कपडे विचारले गेले होते. त्यामुळे ‘नाव देऊच नये’ हे मला पटत नाही, माफ करा.

प्रसाद
तन्वी, तुझा राग समजतो. पण माझा चेहरा एका धडक देऊन पळालेल्या गाडीच्या ड्रायव्हरशी जुळतो, असं कुणीतरी ठरवलं. मी तेव्हा नाशिकला होतो. दोन दिवस फोन, ऑफिसला ईमेल, आईला शिव्या. खुलासा टाकला, तो आरोपाच्या मानाने कितीतरी कमी लोकांनी पाहिला. आजही कुणी अनोळखी माणूस बघत राहिला की पोटात गोळा येतो. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर रेडिटवर लोकांनी फोटो जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव संशयित म्हणून फिरवलं होतं. त्याचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. रेडिटने नंतर माफी मागितली, पण त्याच्या घरच्यांनी ते दिवस काढले ते काढलेच.

महेश
ही चुकीच्या ओळखीची उदाहरणं झाली. निखिलने बरोबर ओळखली असेल तर?

अ‍ॅड. शुभांगी
ओळख बरोबर असली की धोका वाढतो, महेश. रशियात २०१६ मध्ये FindFace नावाचं अ‍ॅप आलं. अनोळखी माणसाचा फोटो टाकला की VKontakte या तिथल्या फेसबुकसारख्या साइटवरचं त्याचं प्रोफाइल शोधून द्यायचं. सेंट पीटर्सबर्गच्या एका फोटोग्राफरने मेट्रोतल्या प्रवाशांवर ते वापरून दाखवलं, हे किती सोपं आहे ते कळावं म्हणून. त्यानंतर काही आठवड्यांतच एका इमेजबोर्डवरच्या टोळक्याने पॉर्नमध्ये काम केलेल्या बायकांची खरी प्रोफाइल शोधली आणि त्यांच्या नवऱ्यांना, नातेवाइकांना फोटो पाठवायला सुरुवात केली.

आता कायदा. पाठलागाचं कलम भारतीय न्याय संहितेचं ७८. बाईने नको म्हटल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला, किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर नजर ठेवली, तर पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाचपर्यंत. पण ‘पुन्हा पुन्हा’ हे एकाच माणसाचं लागतं. नाव ग्रुपवर पडलं की शंभर जण एकेकदाच फोन करतात. तिच्यासाठी ते शंभर फोन, आणि त्यातल्या प्रत्येकाने मात्र एकदाच केलेला. ढोलवाल्या मुलीच्या प्रकरणात खाली उभा राहणारा तेवढा कलमात बसला. नाव लिहिणारा कुठल्याच कलमात नीट बसेना. हा प्रसंग एखाद्या पुरुषावर आला तर ७८ त्याच्यासाठी नाहीच.

तन्वी, तुझ्या बाबतीत मी फोटो काढण्याच्या विरोधात नाही. तो पुरावा आहे. तो पोलिसांकडे दे, रेल्वेत असलीस तर १५१२ वर रेल्वे पोलिसांना. नाव शोधायचं काम अनोळखी लोकांवर सोपवू नकोस, एवढंच म्हणते.

तन्वी
आणि त्यांनी शोधलंच नाही तर? ताई, तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीचा गुन्हा नोंदवला जातो का?

अ‍ॅड. शुभांगी
नाही जात.

निखिल, डोंबिवली
मेसेज काढला. तोवर दोन ग्रुपवर फॉरवर्ड झाला होता, तिथल्या अ‍ॅडमिनना फोन केले. एकाने काढला, दुसरा म्हणतो ‘आता काय उपयोग’. क्लिपमध्ये स्टेशनचं नाव आणि इंडिकेटरवरची वेळही दिसते, हे मी आज पहिल्यांदा नीट बघितलं. त्या बाईला कळवावं का? कळवायचं तर मलाही तिच्याशी अनोळखी म्हणूनच संपर्क करावा लागेल.

अ‍ॅड. शुभांगी
तुम्ही करू नका. तुमच्या बायकोला करू द्या. एकच मेसेज, काय झालं, कुठे झालं आणि कुठून काढलं तेवढंच. उत्तर आलं नाही तर पुन्हा नाही.