प्रतिसाद : बिल हातात आहे, पण GSTR-2B मध्ये नाही

«बेळगावच्या घाऊक दुकानातून रंग आणला, पक्के बिल आहे, पैसेही दिले. मग कराची वजावट का मिळत नाही?»

बिल आवश्यक आहेच, परंतु विक्रेत्याने तेच बिल आपल्या GSTR-1 या विक्रीच्या विवरणपत्रात तुमच्या जीएसटी क्रमांकासह दाखवल्याशिवाय खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट घेता येत नाही. दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या GSTR-2B या तुमच्या खरेदीच्या पत्रकात ते दिसले पाहिजे.

फोंड्यातील एका हार्डवेअर दुकानाची वही मी पाहतो. जानेवारी २०२५ मध्ये तेथे ५०,००० रुपयांचा माल आला आणि त्यावर १८ टक्के दराने ९,००० रुपये आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मालावरचा जीएसटी, लागला. बिलावर आमचा क्रमांक अचूक होता, पण विक्रेत्याने ती विक्री नोंदणी नसलेल्या किरकोळ ग्राहकाच्या नावे दाखवली होती. त्याला बिलाची प्रत पाठवून दुरुस्ती करून घेतली आणि ज्या महिन्याच्या GSTR-2B मध्ये नोंद आली, त्या महिन्यात वजावट घेतली. २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या बिलांसाठी ३० नोव्हेंबर २०२५ ही मुदत होती. जीएसटीचे वार्षिक विवरण त्याआधी भरले असते, तर मुदत तेथेच संपली असती. म्हणून ही जुळणी दरमहा करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बिले वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे या उदाहरणात ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत, ठेवावी लागतात. थर्मल कागदावरची अक्षरे आपल्या पावसाळी दमटपणात लवकर पुसट होतात, त्यामुळे त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढून मूळ बिलाला टाचावी.