वर्षाचा विमा हप्ता एकदम भरला: दर महिन्याला खर्च टाकायचा की वर्षअखेर एकच नोंद?

मुक्ता_वही
धंद्याच्या विम्याचा वर्षाचा हप्ता, 73,000, आम्ही 25 मेला भरला. विमा 11 जूनपासून पुढच्या 10 जूनपर्यंत लागू आहे. आमचं हिशेबी वर्ष 31 डिसेंबरला संपतं. सगळी रक्कम विमा खर्चात टाकल्यामुळे मे महिना तोट्यात दिसतोय. भागीदार म्हणतात, राहू दे, वर्षअखेर बघू. दर महिन्याला खर्च टाकणं खरंच गरजेचं आहे का? आणि सुरुवात कुठल्या महिन्यापासून करायची?

भरारी
गरजेचं आहे. पैसे भरले तेव्हा खर्च झालाच नाही, ती आगाऊ दिलेली रक्कम आहे. 73,000 ला 12 ने भागा, दरमहा 6,083.33 येतात. मेपासून सुरू करा, एप्रिलमध्ये संपेल. सॉफ्टवेअरमध्ये दरमहा आपोआप पडणारी नोंद लावून टाका, परत बघायला नको.

खतावणी
भरारी, पहिलं वाक्य बरोबर आहे, पण मेपासून सुरुवात चुकीची. मेमध्ये या पॉलिसीखाली एक दिवसही संरक्षण नव्हतं, मग मेचा खर्च कशाचा? तुमच्या पद्धतीने एप्रिलअखेर खातं शून्य होईल आणि पुढचे 41 दिवस विमा चालू असून खर्च काहीच दिसणार नाही. डिसेंबरपर्यंत आठ हिस्से, म्हणजे 48,667 खर्ची पडतील. प्रत्यक्षात तोवर वापरलेला विमा 40,800 चाच आहे.

मुक्ता, तुमच्या बाबतीत दिवसांवर हिशेब करणं सोपं आहे, कारण 365 दिवसांना 73,000 म्हणजे दिवसाला 200. मे बंद केला नसेल तर आधी ती रक्कम खर्चातून काढा: आगाऊ विमा नावे 73,000, विमा खर्च जमा 73,000. जूनअखेर 20 दिवसांचे 4,000 विमा खर्चाला नावे आणि आगाऊ विम्याला जमा. मग जुलै आणि ऑगस्टला 6,200, सप्टेंबरला 6,000, असं महिन्याच्या दिवसांप्रमाणे. डिसेंबरअखेर 204 दिवस संपतात, 161 उरतात, आणि ताळेबंदात आगाऊ विमा 32,200 दिसतो.

दिवस मोजायचे नसतील तर महिन्यांवर करा, पण मग अर्धवट जूनचं काय करायचं ते आधी ठरवा. जून पूर्ण महिना धरला तर डिसेंबरपर्यंतचा खर्च 42,583 होतो, म्हणजे साधारण 1,783 ने जास्त. इतका फरक बरेच जण चालवून घेतात. मात्र दरवर्षी तोच नियम ठेवा.

कमी_कागद
मी भागीदारांच्या बाजूने. वर्षअखेर एकच नोंद केली, 32,200 खर्चातून काढून आगाऊ विम्यात टाकले, तरी वर्षाचा खर्च 40,800 च येतो आणि ताळेबंदही तोच येतो. मग मधल्या नोंदींनी काय मिळवलं? लहान धंद्यात महिन्याचा नफा-तोटा बघतो कोण?

आणि मेचा तोटा वाईट दिसतो म्हणून रक्कम पसरायची, तर तोच न्याय बाकी खर्चांनाही लावा. एखाद्या महिन्यात यंत्राची मोठी दुरुस्ती निघाली तर तीही बारा महिन्यांत वाटायची का? तिथे कोणी वाटत नाही.

घरखर्च
मी हे फार वर्षं करतोय. दर महिन्याला हप्त्याचा बारावा भाग वेगळ्या खात्यात बाजूला काढतो आणि हप्त्याची तारीख आली की तिथून भरतो. एकदम ओझं पडत नाही.

खतावणी
घरखर्च, तुमची सवय उत्तम आहे, पण ती पैशांची तयारी झाली आणि ती हप्ता भरण्याआधीची. इथे पैसे गेलेत, आता खर्च कुठल्या महिन्यांचा तो प्रश्न आहे. बाजूला काढलेली रक्कम खर्च म्हणून लिहू नका, नाहीतर भरताना तोच खर्च दुसऱ्यांदा पडेल.

कमी_कागद, दुरुस्तीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. साधी दुरुस्ती झाली की त्या पैशांचं मिळायचं ते मिळून गेलं, पुढे कोणाकडून काही येणं उरत नाही. विम्यात 30 जूनला 20 दिवस वापरून झालेत आणि 345 दिवसांचं संरक्षण अजून विमा कंपनीकडून मिळायचं आहे. ताळेबंदात असतं ते हे येणं. मे वाईट दिसतो हे कारणच नाही. मे छान दिसत असता तरी नोंद हीच झाली असती.

वर्षाचा आकडा सारखा येतो, हे मान्य. पण तुमच्या पद्धतीत 32,200 जानेवारीनंतर परत खर्चात आणावे लागतात, आणि नेमकं तेच राहून जातं. कधीच संपलेल्या पॉलिसीची शिल्लक वर्षानुवर्षं ताळेबंदात बसलेली मी अनेक वह्यांत पाहिली आहे. शिवाय त्यांच्याकडे महिन्याचा नफा बघणारं कोणीतरी आहे, म्हणून तर हा प्रश्न आला.

दोन_गाड्या
आमची गोष्ट सांगते, कारण आपोआप पडणाऱ्या नोंदीने आमची गडबड केली होती. गाडी विकली, पॉलिसी रद्द केली, पण नोंद पडतच राहिली. परतावाही उरलेल्या दिवसांच्या हिशेबाने आला नाही, कमी आला. तो आम्ही उत्पन्नात टाकला होता. ते बरोबर की चूक, हे मला आजही नीट कळलेलं नाही.

खतावणी
उत्पन्नात नको. मुदतीआधी रद्द केल्यावर परतावा दिवसांच्या प्रमाणापेक्षा कमी येणं नेहमीचं आहे. वरच्याच आकड्यांत समजा, 31 डिसेंबरला पॉलिसी रद्द झाली. खात्यात 32,200 आहेत आणि परतावा आला 27,000. बँक नावे 27,000, विमा खर्च नावे 5,200, आगाऊ विमा जमा 32,200. खातं त्याच दिवशी शून्य होतं आणि फरक त्याच महिन्याचा खर्च.

म्हणूनच भरारींचं ‘परत बघायला नको’ मला पटत नाही. महिनाअखेर एकच पडताळा करा: उरलेले दिवस गुणिले रोजचा दर. 30 सप्टेंबरला 253 दिवस उरतात, म्हणजे खात्यात 50,600 हवेत. तिथे 56,600 दिसले तर सप्टेंबरची नोंद पडलेली नाही. आणि खातं उलट्या बाजूला गेलं, म्हणजे जमा शिल्लक दाखवू लागलं, तर बहुधा हप्ता थेट खर्चात गेलाय आणि वर दरमहा नोंदही पडतेय. खर्च दोनदा.

कमी_कागद
रद्द झालेल्या पॉलिसीचा मुद्दा पटला, वर्षअखेरपर्यंत थांबलो तर तो नजरेतून सुटू शकतो. पण मग ज्या पॉलिसीत परतावा मिळतच नाही, तिथे कसलं येणं? पैसे गेले ते गेले. तो सरळ खर्च धरायला हवा.

खतावणी
परतावा नसला तरी संरक्षण उरतं. डिसेंबरनंतर नुकसान झालं तर दावा करता येईलच ना? पॉलिसी चालू आहे तोवर रक्कम दिवसांप्रमाणेच उतरेल. ती रद्द केली तर मात्र उरलेलं सगळं त्याच दिवशी खर्चात.

मुक्ता_वही
मे अजून बंद केलेला नाही, तेव्हा नोंद आजच फिरवते आणि दिवसांप्रमाणे करते. आमच्याकडे आणखी चार छोट्या पॉलिसी आहेत, त्यांतली सर्वात लहान 1,800 ची. तिच्यासाठीही हे सगळं?

कमी_कागद
1,800 साठी अजिबात नाही. आल्या महिन्यात खर्च टाका आणि मोकळ्या व्हा.

खतावणी
एकट्या 1,800 पुरतं मान्य. पण चारही मिळून किती होतात ते आधी बघा, आणि त्या एकाच महिन्यात येत असतील तर तो महिना पुन्हा मेसारखाच दिसेल. मी असते तर एक मर्यादा लिहून ठेवली असती आणि त्याखालचे हप्ते सरळ खर्चात घेतले असते.

भरारी
मर्यादा ठेवली की त्याच्या जरा खाली आणि जरा वर असलेल्या दोन सारख्याच पॉलिसींना दोन वागणुकी मिळतात. एकदा तक्ता केला की पाच पॉलिसींना एकाइतकाच वेळ लागतो. मी तरी सगळ्याच त्यात घेईन.