मदत हवी आहे: पहिल्या कवितासंग्रहाच्या घोषणेखाली अभिनंदन कसं लिहू?

गोदाकाठ
आमच्या शाखेतल्या एक मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. त्यांचा पहिला कवितासंग्रह येतोय. काल प्रकाशकांनी फेसबुकवर मुखपृष्ठ टाकलं. किंमत २०० रुपये, प्रकाशनपूर्व सवलतीत १५०, मागणीसाठी नंबर आणि रविवारी प्रकाशन. खाली नुसती "अभिनंदन"ची आणि पुष्पगुच्छांची रांग लागलीय. मला जरा बरं काही लिहायचंय. संग्रह वाचलेला नाही, पण पेन्शनच्या दिवशी काउंटरपाशी बसून राहणाऱ्या आजींवरची त्यांची कविता स्नेहसंमेलनात ऐकली होती. मसुदा असा:

"मॅडम, हार्दिक हार्दिक अभिनंदन! आपल्या शाखेच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवलात. इतक्या बदल्या, सासूबाईंचं आजारपण, सगळं सांभाळून लिहीत राहिलात. अप्रतिम संग्रह! पुढचाही लवकर येवो."

काहीतरी खटकतंय. सुचवा.

चहाबिस्किट
छान आहे की! शेवटी "साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळो" एवढं जोडा. पहिल्या पुस्तकाला तोच असतो.

खिळेजुळारी
तो पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांना असतो हो, पुस्तक पहिलंच हवं असंही नाही. निवृत्तीला आलेल्या बाईंना तसं लिहिलंत तर थट्टा वाटेल. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे, कवितेसाठी तो बहिणाबाई चौधरींच्या नावाने देतात. पण पुस्तक अजून बाइंडरकडे असताना पुरस्कार कशाला काढायचा?

गोदाकाठ, मी एका छोट्या प्रकाशनात काम करते, अशा घोषणा मीच टाकते. तुमची टिप्पणी मॅडम वाचतीलच, पण त्यांना न ओळखणारेही वाचतात, आणि सवलतीची मागणी त्यांच्यातूनच यायची असते. म्हणून "अप्रतिम संग्रह" काढा. रविवारी येणारं पुस्तक तुम्ही आजच वाचलंत हे कुणाला पटणार? सासूबाईंचं आजारपणही काढा. तुम्हाला ते कौतुक वाटतं, पण मॅडमनी ते त्या पोस्टमध्ये सांगितलेलं नाही, मग परक्यांपुढे आपण कशाला सांगायचं. आणि "पुढचाही लवकर" नको, पहिल्याची शाई वाळू दे!

तुमच्याकडे खरा ऐवज आहे तो आजींच्या कवितेचा. बाकी कुणाकडे तो नाही. ती कुठे ऐकली आणि त्यातलं काय लक्षात राहिलं, ते एका वाक्यात लिहा. कविता अख्खी उतरवू नका, पुस्तक त्यावरच विकायचंय. आणि ती संग्रहात घेतलीय का, हे आधी मॅडमना खासगीत विचारा. निवड करताना गाजलेली कवितासुद्धा गळते, मग खाली कुणीतरी "ती कोणत्या पानावर?" विचारतं आणि कवयित्रीची पंचाईत होते.

माळ्यावरचे गठ्ठे
माझा कथासंग्रह आला तेव्हा टिप्पण्यांत निम्मे जण "आमची प्रत कधी?" विचारत होते. स्वतःचे पैसे घालून ५०० प्रती काढल्या होत्या. एकाला सर्वांसमोर "देतो" म्हटलं, की बाकीच्यांना नाही म्हणता येत नाही. गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. तेव्हा प्रत मागू नका एवढंच सांगतो.

वऱ्हाडी ठेचा
सुरुवात "व्यासपीठावरील मान्यवर आणि रसिकहो" अशी करा. तीन मिनिटांच्या वर जाऊ नका, लोकांचं लक्ष चहाकडे असतं.

खिळेजुळारी
भाऊ, त्यांना भाषण नाही करायचं, पोस्टखाली लिहायचंय!

गोदाकाठ
मॅडमना विचारलं. कविता आहे, पण शीर्षक बदललंय. बरं झालं विचारलं, मी जुनंच लिहिणार होतो. आता असं:

"मॅडम, मनापासून अभिनंदन. पेन्शन घेऊन झाल्यावरही पंख्याखाली बसून राहणाऱ्या आजींची तुमची कविता स्नेहसंमेलनात ऐकली, तेव्हापासून एक तारखेला त्या बाकाकडे लक्ष जातंच. ती संग्रहात आहे याचा आनंद झाला. प्रत नोंदवली आहे, वाचून नक्की कळवतो."

खिळेजुळारी
टाका. फक्त "वाचून नक्की कळवतो" काढलंत तर बरं. जाहीर कबुली दिली की त्या वाट बघत बसतात. वाचून झालं की तेव्हा लिहा, त्या वेळी घोषणेची गर्दी ओसरलेली असते. आणि पोस्ट प्रकाशकांच्या पानावर आहे, तेव्हा मॅडमना टॅग करा, नाहीतर त्यांच्या नजरेतून सुटेल.

चहाबिस्किट
"प्रत नोंदवली" हे मिरवल्यासारखं वाटतं मला.

माळ्यावरचे गठ्ठे
मुळीच नाही. एकाने नोंदवली असं दिसलं की दुसरा नंबर लावतो. माझ्या पोस्टखाली एकानेही लिहिलं नव्हतं.

खिळेजुळारी
मला दोन्ही पटतं. मॅडम बुजऱ्या असतील तर गाळा.

गोदाकाठ
बुजऱ्या आहेत, पण १५० च्या सवलतीची मुदत शनिवारपर्यंतच आहे. ठेवतो ते वाक्य. आता एकच अडलंय. शाखेत सगळे "मॅडम" म्हणतात, पण त्या पानावर त्या कवयित्री आहेत. नावापुढे "ताई" लिहू का? वयाने माझ्या आईएवढ्या आहेत.