भूप वाजवतो, सर म्हणतात देशकार झाला. वादी-संवादी कुणी नीट समजावेल का?

रानवारा
मदत हवी आहे, जरा लवकर. शनिवारी सरांना भूप ऐकवायचा आहे. सा रे ग प ध, एकही स्वर चुकत नाही, तरी सर मध्येच थांबवतात आणि म्हणतात, "हा देशकार झाला." भूपाचा वादी ग, संवादी ध. देशकाराचं बरोब्बर उलटं. हे पाठ आहे. पण स्वर तेच असतील तर वाजवताना वेगळं करायचं काय?

सोलापूरकर
वादी म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर. ग वाढवा, काम होईल. मी पेटीवर तेच करतो.

रानवारा
वाढवून झाला. प्रत्येक ओळीत ग आहे. सरांचं म्हणणं तेच.

आर्याची आई
माझ्या मुलीला तोंडी परीक्षेत हेच विचारलं होतं. थाटही पाठ करून जा, भूप कल्याण थाटातला आणि देशकार बिलावलातला. वेळ पण विचारतात, भूप रात्रीचा पहिला प्रहर, देशकार सकाळचा.

तंबोरा
रानवारा, काय वाजवता ते लिहिलंच नाहीत. आलापाच्या दोन-तीन ओळी जशा वाजवता तशा इथे लिहा. कुठे थांबता तेही दाखवा.

रानवारा
बासरी. साधारण असं:
सा, ग प ध ऽ ऽ, सां ध ऽ प, ग प ध ऽ प, ग रे सा.
मंद्रात फुंक फुटते म्हणून खाली जात नाही. मध्य आणि तारच.

तंबोरा
मग सर बरोबर आहेत, हा देशकारच आहे. तुमचा ग येतो खरा, पण प्रत्येक वेळी वाटेतला म्हणून येतो. मुक्काम ध वर होतो. सोलापूरकर, म्हणूनच मोजून उपयोग नाही. वादी कोणता ते ठरतं आलाप कुठे येऊन विसावतो आणि बाकीचे स्वर कुणाकडे वळतात यावर.

शिवाय तुम्ही सा वरून थेट ग प ध करता. देशकारात चढताना रे असाच मागे पडतो. भूपात रे हवाच. हे वाजवून बघा:
सा रे ग ऽ, रे ग, प ग ऽ, ध प ग ऽ, रे सा, ध़ सा.
यात ध आहे, पण तो प वरून ग कडे उतरतो, स्वतः बसत नाही. संवादी म्हणून त्याचं काम ग ला आधार देण्याचं. खालचा ध़ घेऊन सा वर आलात की भूप लगेच उभा राहतो, आणि नेमकं तेच तुम्ही टाळताय. सा ला तीन भोकं बंद, ध़ ला पाच. फुंक हलकी ठेवा, बोटांच्या फटी तपासा. मध्य सप्तकातला ध त्याच बोटांनी पण जोरात फुंकून निघतो, तो खणखणीत वाजतो आणि हात तिथेच रेंगाळतो.

किशोरीताईंचा भूप ऐका. ग वर किती वेगवेगळ्या वाटांनी येतात ते बघा.

पूर्वांग
थोडी भर. वादी सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात असला तर राग दुपारी बारा ते मध्यरात्र या वेळेतला, वरच्या अर्ध्यात असला तर मध्यरात्र ते दुपार, अशी भातखंड्यांची मांडणी. म्हणजे हाच फरक वेळेतही दिसतो. आणि संवादी नेहमी वादीपासून चौथा किंवा पाचवा स्वर, त्यांचा आपसात षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचम भाव हवाच.

तंबोरा
'हवाच' म्हणू नका. ग-ध मध्ये तो आहे. मारव्यात वादी कोमल रे, संवादी शुद्ध ध. रे ला पंचम भावाने जुळेल कोमल ध, आणि तो मारव्यात नाहीच.

पूर्वांग
म्हणूनच कित्येकांना मारव्याची ती जोडी पटत नाही. नियम मोडण्यापेक्षा जोडी बदला.

तंबोरा
जोडी बदलून मारवा बदलणार आहे का? तेच स्वर घेऊन ग आणि नि वर मुक्काम केलात तर पूरिया होतो. मारव्यात रे आणि ध वरच ठाण मांडतात, सा वर येणंसुद्धा लांबवतात. गाणारे आधी, नियम नंतर.

सोलापूरकर
तानपुऱ्याचं कुठलं ॲप चांगलं, कुणी सांगेल का?

पूर्वांग
वेगळा धागा काढा हो.

रानवारा
तंबोरा, तुमची ओळ वाजवली. ध़ अजून फुसका येतो, पण ग वर थांबलो की फरक मलाच ऐकू आला. एक अडलंय. द्रुत तानेत थांबायला वेळच नसतो, मग तिथे भूप कसा राखायचा?

तंबोरा
तान ग वरून उचला आणि उतरताना ध प ग रे सा सरळ या. ध वर फिरून 'प ध, प ध' करू नका. बाकी सरांना विचारा, घराण्यागणिक यात फरक आहे.