मदत हवी आहे : दवाखान्याची गूगलवरील पोस्ट नामंजूर होते, मजकूर कसा लिहावा?

कृष्णाकाठ :
माझ्या बहिणीचा कराडला दवाखाना आहे आणि त्याचे गूगल बिझनेस प्रोफाइल मी सांभाळतो. गेल्या आठवड्यात टाकलेली पोस्ट तीन वेळा नामंजूर झाली. त्याआधीची मंजूर झाली होती, पण तिच्यावरून एकही फोन आला नाही. लोकांनी वाचून लगेच फोन करावा असा मजकूर कोणी सुचवू शकेल का? उत्तर शक्य तितक्या लवकर हवे आहे.

मनवा_प :
दवाखाना कशाचा आहे, पोस्ट कोणत्या प्रकारातून टाकली आणि नामंजूर झालेला मजकूर नेमका काय होता, हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही. कृपया मजकूर जसाच्या तसा इथे द्यावा.

कृष्णाकाठ :
दातांचा दवाखाना आहे. पोस्ट ‘ऑफर’ प्रकारातून टाकली होती. मजकूर असा : ‘कराडमधील नामांकित दंतचिकित्सालय! सर्व प्रकारचे उपचार अत्याधुनिक यंत्रांनी. या महिन्यात ५०% सूट. आजच संपर्क साधा.’ त्यापुढे मोबाइल क्रमांक दिला होता.

सलूनवाली_नाशिक :
माझ्या सलूनचा अनुभव सांगते. मंगळवार ते गुरुवार दुपारी खुर्च्या रिकाम्या असत, म्हणून फक्त त्या तीन दिवसांसाठी हेअर स्पावर सवलत दिली आणि सुरुवातीची व शेवटची तारीख स्पष्ट लिहिली. दुपारच्या वेळा भरू लागल्या. तुम्हीही तारखा घाला. शिवाय पोस्ट सात दिवसांत दिसेनाशी होते, त्यामुळे दर सोमवारी नवी टाकावी लागते.

मनवा_प :
सात दिवसांचा नियम पूर्वी होता. आता तारखा नसलेली साधी पोस्ट सहा महिन्यांनंतर संग्रहात टाकली जाते. तरीही जुनी पोस्ट नव्या पोस्टखाली जाते, त्यामुळे नियमित लिहिण्याचा आपला सल्ला चुकीचा नाही.

कृष्णाकाठ, आपल्या पोस्टमध्ये दोन अडचणी दिसतात. मजकुरात फोन क्रमांक असेल तर गूगल पोस्ट नाकारू शकते आणि माझ्या मते इथे तेच झाले असावे. क्रमांक काढून ‘अपडेट’ प्रकार निवडा आणि `Call now` हे बटण लावा, कारण ऑफर प्रकारात हे बटण मिळतच नाही. बटणाला वेगळा क्रमांक द्यावा लागत नाही. प्रोफाइलवर जो क्रमांक आहे तोच लागतो.

दुसरी अडचण शब्दांची आहे. पोस्टला १५०० अक्षरांची मुभा असली, तरी मोबाइलवर सुरुवातीची एक-दोन वाक्येच दिसतात आणि आपण ती ‘नामांकित’ व ‘अत्याधुनिक’ यांवर खर्च केली आहेत. ज्याचा दात रात्रभर ठणकला आहे, त्याला आपली तक्रार आणि भेटीची वेळ पहिल्या ओळीत दिसली पाहिजे. मी असे लिहीन :

‘थंड पाणी प्यायल्यावर दात ठणकतो का? सोमवार ते शनिवार संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत तपासणी होते. येण्याआधी फोन केल्यास आपली वेळ राखून ठेवता येईल. तपासणीनंतर कारण आणि खर्च सांगितला जाईल. उपचार त्याच दिवशी सुरू करण्याचे बंधन नाही.’

शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ‘एकदा गेलो की खर्चात पडू’ या भीतीने अनेक जण फोन टाळतात.

वाईकर_डॉ :
सलूनचा नियम दवाखान्याला लावू नये. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेत जाहिरात करून रुग्ण ओढण्यास मनाई आहे. ५०% सूट आणि ‘नामांकित’ ही विशेषणे बहिणीला अडचणीत आणू शकतात. वेळ, पत्ता आणि सुविधा कळवणे मी योग्य मानतो. पण ‘ठणकतो का?’ असे विचारणेही मला खटकते.

मनवा_प :
सवलतीबाबत मी सहमत आहे. लक्षण विचारणे म्हणजे जाहिरात, हे मला पटत नाही.

सलूनवाली_नाशिक :
मग निदान पहिली तपासणी मोफत असे तरी लिहा.

वाईकर_डॉ :
तीही सवलतच झाली, आणि आमिष दाखवणे मला मान्य नाही.

कृष्णाकाठ :
सवलत काढली आणि वरील मजकूर `Call now` सह टाकला. तो तासाभरात मंजूर झाला. चार दिवसांत परफॉर्मन्समध्ये सहा कॉल दिसतात, पण बहीण म्हणते की दोघांशीच बोलणे झाले.

मनवा_प :
तिथली संख्या बटण दाबल्याची असते, बोलणे झाल्याची नाही. प्रोफाइलवर कोणता क्रमांक आहे?

कृष्णाकाठ :
स्वागतकक्षाचा लँडलाइन क्रमांक आहे. दुपारी १ ते ४ तिथे कोणी नसते. हे आधी सांगायला हवे होते.

मनवा_प :
तर मग तोच क्रमांक दुपारी बहिणीच्या मोबाइलवर वळवता येतो का ते पाहा, नाहीतर ‘फोन सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ४ ते ८’ हे पोस्टमध्ये लिहा. पहिला मार्ग मला बरा वाटतो, कारण दुखणे वेळ पाहून येत नाही.

कृष्णाकाठ :
दूरध्वनी कंपनीकडे आज चौकशी करतो. ‘ठणकतो का?’ ठेवावे की नाही, हे बहिणीला विचारून ठरवीन.