पार्किंगची राखीव जागा सोडताना डिपॉझिट कसे परत मिळाले? अनुभव लिहा

ऑरेंजलाइनचा_प्रवासी

काल भाच्याचा फोन आला. तो वर्धा रोडवरच्या एका व्यापारी संकुलात काम करतो आणि तेथील तळघरातील महिन्याच्या भाड्याची पार्किंगची जागा त्याला सोडायची आहे. "मामा, नुसते एक पत्र दिले की झाले ना?" असे त्याने विचारले आणि मला माझे जुने प्रकरण आठवले. ते सविस्तर लिहितो. इतरांनीही आपापले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे.

माझे कार्यालय रामदासपेठेत होते. इमारतीचे पार्किंग एका एजन्सीकडे होते. महिन्याचे शुल्क २,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६० रुपये, तर डिपॉझिट ६,००० रुपये होते. मेट्रोने जाणे-येणे सोयीचे झाल्यावर मी जागा सोडण्याचे ठरवले आणि ४ जूनला पत्र दिले. जूनचे शुल्क भरलेले होते. हिशेब आला तेव्हा एजन्सीने जुलैचे पूर्ण शुल्क २,३६०, टॅगचे ५०० आणि 'प्रशासकीय खर्च' म्हणून आणखी ५०० रुपये कापून मला २,६४० रुपये देऊ केले.

मी करारनामा काढून वाचला. त्यात 'तीस दिवसांची लेखी सूचना' असे शब्द होते, 'एक पूर्ण कॅलेंडर महिना' असे नव्हते. ४ जूनपासूनचे तीस दिवस ४ जुलैला संपतात, त्यामुळे जुलैचे फक्त चार दिवस माझ्याकडे निघत होते. २,००० भागिले ३१, गुणिले ४ म्हणजे २५८ रुपये आणि जीएसटी धरून सुमारे ३०४ रुपये. प्रशासकीय खर्चाचा करारात कोठेही उल्लेख नव्हता आणि टॅग मी परत केला होता. म्हणजे मला ५,६९६ रुपये येणे होते. हा हिशेब एका पानावर मांडला, करारातील ते कलम जसेच्या तसे उतरवले आणि पत्राची पोच सोबत जोडून स्पीड पोस्टाने पाठवला. त्यानंतर एजन्सीने ५,१९६ रुपये खात्यात जमा केले. टॅगच्या ५०० रुपयांचा वाद मात्र राहिला, कारण टॅग परत घेतल्याची सही मजजवळ नव्हती.

मनीषनगरची_मीनल

काका, तुमच्याकडे निदान करार तरी होता. आम्ही मनीषनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. दुसऱ्या गाडीसाठी अपार्टमेंटमध्ये जागा घेतली तेव्हा तत्कालीन सचिवांनी ५,००० रुपये रोख घेतले आणि पावतीपुस्तकातील साधी पावती दिली. आता गाडी विकली आहे, जागा रिकामी करून दिली आहे, पण नवीन समिती म्हणते की ते पैसे जुन्या सचिवांनी घेतले, त्यांच्याकडेच मागा. जुने सचिव पुण्याला मुलाकडे राहायला गेले आहेत. आता मी कोणाकडे जावे?

लेखापरीक्षक_सदर

मीनलताई, पावतीवर नाव कोणाचे आहे, ते आधी पाहा. अपार्टमेंटच्या नावाची छापील पावती असेल, तर पैसे सचिवांनी स्वतःसाठी नव्हे, संस्थेसाठी स्वीकारले, आणि ते परत करण्याची जबाबदारीही संस्थेचीच आहे. समिती बदलली म्हणून देणे संपत नाही.

त्यानंतर ज्या वर्षी पैसे दिले, त्या वर्षाचा ताळेबंद मागा. डिपॉझिट हे उत्पन्न नसते, ते संस्थेवरचे देणे असते, म्हणून ते ताळेबंदात देणी या बाजूला दिसायला हवे. बहुधा 'सभासद व भाडेकरूंच्या ठेवी' अशा एका ओळीत सगळ्यांची बेरीज असते आणि नावनिहाय यादी परिशिष्टात असते. त्या यादीत तुमचे नाव आणि ५,००० ही रक्कम सापडली, तर समितीला नाकारणे अवघड जाते. यादीत नाव नसेल, पण पावती अस्सल असेल, तरी तुमचा हक्क कायम राहतो. मात्र मग संस्थेला आधी जुन्या सचिवांशी हिशेब जुळवावा लागेल आणि तेथे वेळ जाईल.

बेसा_रोड

हे सगळे इतके वाढवायची गरजच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे की पार्किंग विकता येत नाही, ते सगळ्यांचे सामाईक असते. त्यामुळे पार्किंगसाठी डिपॉझिट घेणेच बेकायदेशीर ठरते. तेवढे एकच वाक्य लिहून पत्र द्या, पूर्ण रक्कम परत येईल.

लेखापरीक्षक_सदर

बेसा रोड भाऊ, तुमचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने म्हटले ते बिल्डरने स्टिल्टमधील किंवा मोकळ्या जागेतील पार्किंग फ्लॅटपासून वेगळे विकण्याबद्दल. सोसायटीने आमसभेत ठरवून जागा वापरायला द्यावी, त्यासाठी शुल्क घ्यावे, याला त्या निकालाने मनाई केलेली नाही. मीनलताईंनी ते वाक्य लिहिले तर समिती मूळ प्रश्न बाजूला ठेवून निकालावरच वाद घालत बसेल. त्यांचे म्हणणे सोपे आहे: पैसे परत करण्याच्या अटीवर दिले, जागा सोडली, पावती माझ्याकडे आहे.

आणखी एक पाहा. नागपुरात पुष्कळ इमारती सहकारी सोसायट्या नाहीत, त्या १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. सोसायटी असेल तर आदर्श उपविधींतील पार्किंगचे नियम आणि उपनिबंधक कार्यालय हा मार्ग असतो. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र आणि त्यासोबतच्या उपविधींत काय लिहिले आहे, तेथून सुरुवात करावी लागते.

सीताबर्डी_स्कूटर

मी रेल्वे स्टेशनच्या स्टँडवर महिन्याचा पास काढतो. मध्येच बंद केला तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात का? डिपॉझिट मात्र घेतलेले नाही.

ऑरेंजलाइनचा_प्रवासी

स्कूटर भाऊ, आपला पास ही वेगळी गोष्ट आहे. तेथे जागा राखून ठेवलेली नसते आणि ठेवही नसते, त्यामुळे पासाच्या मागे छापलेल्या अटीच पाहाव्या लागतील. येथे चर्चा राखीव जागेची आणि तिच्या ठेवीची आहे.

धंतोलीची_सून

टॅगबद्दल लिहिते, कारण आमच्याकडेही तेथेच अडले होते. काचेवर चिकटवायचा आरएफआयडी टॅग काढताना फाटतोच, तो तसाच बनवलेला असतो, म्हणजे एका गाडीचा टॅग काढून दुसरीला लावता येऊ नये. त्यात आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात गोंद काचेला असा भाजून बसतो की नखाने फक्त वरचा कागद निघतो आणि आतली तार काचेवरच राहते. 'टॅग अखंड परत करावा' ही अट त्यामुळे पाळता येण्यासारखी नसते. सासऱ्यांनी व्यवस्थापकालाच गाडीजवळ बोलावले, टॅग क्रमांक दिसेल असा फोटो काढला, मग त्याच्या समोर टॅग खरवडला. 'टॅग क्रमांक अमुक आज बंद केला, गाडीवरून काढला' असे त्याने गेटवरच्या नोंदवहीत लिहिले आणि त्या पानाचा फोटो आम्ही घेतला. आमचे टॅगचे पैसे कापले गेले नाहीत. तेव्हा नुसता फाटका तुकडा पाकिटात घालून देऊ नका, नोंद होऊ द्या.

ऑरेंजलाइनचा_प्रवासी

ताई, हे फार उपयोगाचे लिहिलेत. भाच्याला लगेच कळवतो.

त्रिमूर्तीनगर_४४

ज्यांचे शुल्क बँकेतून आपोआप कापले जाते, त्यांनी घाई करून बँकेची परवानगी आधी रद्द करू नये. माझ्या भावाने सूचना दिली त्याच दिवशी ती रद्द केली. सूचनेच्या महिन्याचे शुल्क त्यामुळे परत फिरले आणि एजन्सीने ते थकबाकी धरून दंडासह डिपॉझिटमधून वळते केले. शेवटचे देय शुल्क गेल्यावर रद्द करा, पण रद्द नक्की करा, नाहीतर जागा सोडल्यानंतरही रक्कम जात राहते.

मिहान_शिफ्ट

आमच्या इमारतीत एजन्सीच बदलली. नवी म्हणते की जुन्या एजन्सीने ठेवी हस्तांतरित केल्या नाहीत. जुनीचे कार्यालय बंद आहे. रक्कम ४,५०० आहे. ग्राहक आयोगात जाण्यासारखे आहे का?

लेखापरीक्षक_सदर

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. मात्र जागा कंपनीच्या नावाने घेतली असेल, तर 'हा व्यापारी वापर आहे, तुम्ही ग्राहक नाही' असा आक्षेप समोरून येऊ शकतो. तुम्ही स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गाडीसाठी घेतली असेल तर तुमची बाजू अधिक भक्कम राहील.

तत्पूर्वी इमारतीच्या मालकांकडे किंवा संघटनेकडे लेखी मागा की एजन्सी बदलताना ठेवींची यादी हस्तांतरित झाली का. तुमची पावती संघटनेच्या नावाची आहे की एजन्सीच्या, यावर पुष्कळ अवलंबून आहे. पावती संघटनेची असेल तर एजन्सी कोणतीही असो, मागणी संघटनेकडेच करा.

ऑरेंजलाइन काका, आपल्या ५०० रुपयांबद्दल: करारात टॅगची रक्कम लिहिलेली असली, तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, भरपाई वाजवी हवी. टॅगची खरी किंमत विचारायला आपण मोकळे आहात.

मनीषनगरची_मीनल

लेखापरीक्षक काका, ताळेबंद मिळाला. परिशिष्टात आमच्या फ्लॅटचा क्रमांक आणि ५,००० रुपये आहेत, पण नाव आमच्या घरमालकांचे आहे. कोषाध्यक्ष म्हणतात, पैसे देऊ, मात्र धनादेश मालकांच्याच नावे निघेल. पैसे आम्ही दिले होते आणि पावतीवर माझ्या यजमानांचे नाव आहे.

बेसा_रोड

मालकांनी तुम्हाला द्यायला काय हरकत आहे? त्यांच्याकडून घ्या.

मनीषनगरची_मीनल

त्यांच्याकडे आमचे घराचे डिपॉझिटही आहे. हे पैसे त्यात मिसळले तर घर सोडताना पुन्हा नवा वाद होईल, अशी भीती वाटते.

लेखापरीक्षक_सदर

मालकांचे संमतिपत्र घ्या: 'सदर ५,००० रुपये भाडेकरूने भरलेले असून ते थेट त्यांच्या खात्यात जमा करण्यास माझी हरकत नाही.' सोबत पावतीची प्रत आणि रद्द केलेला धनादेश द्या. बहुतेक समित्या एवढ्यावर मान्य करतात. मालकांनी संमती दिली नाही, तर पावतीवरील नाव मोठे की नोंदवहीतील, याबद्दल समित्यांमध्ये एकवाक्यता मी पाहिलेली नाही. काही समित्या फक्त सभासदालाच ओळखतात.

धंतोलीची_सून

आमच्याकडे समितीने पावती पाहून भाडेकरूलाच दिले होते, मालकांना फक्त कळवले.

मनीषनगरची_मीनल

मालकांना आज ईमेल पाठवला आहे. समितीची बैठक रविवारी आहे. उत्तर आले की येथे लिहीन.